३१,५०० जमा झाले, पण कमाई किती झाली?

"ताई, माझं वय ४४, नागपूरला प्रतापनगरात राहते, मिहानमधल्या कंपनीत नोकरी आहे. नवीन टॅक्स रिजिम घेतलीय, स्टँडर्ड डिडक्शन जाऊन पगार १८ लाख धरा. काटोलकडचं शेत विकलं, त्यात वाटणीचे २० लाख मला, २० बाबांना, २० पुण्याच्या भावाला. बाबांनी आणि मी १ एप्रिल २०२५ ला एकाच बँकेत ५-५ वर्षांची एफडी केली, दर तीन महिन्यांनी व्याज. मला ७ टक्के, बाबांना सीनियर म्हणून ७.५०. बाबा ७१ वर्षांचे, पेन्शन महिना ४० हजार. डिसेंबरअखेर पासबुकात माझ्याकडे ३१,५०० आणि बाबांकडे ३३,७५० जमा. म्हणजे १० टक्के टीडीएस जाऊन माझा खरा दर ६.३० आणि बाबांचा ६.७५ ना? आमच्या कॉलनीजवळ एक पतसंस्था आहे, ते ७ टक्के देतात, टीडीएस कापत नाहीत आणि पत्रकावर ५ वर्षांचा यील्ड ८.३० लिहिलाय. बाबा म्हणतात दोन्ही एफडी मोडून तिकडे टाकू. टाकू का?"

ताई, एफडी मोडू नका, निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नका. मी २६ वर्षं बँकेत काउंटरवर काढलीत आणि मार्चमध्ये पासबुक हातात धरून "माझे एवढे पैसे कुठे गेले" म्हणणारी माणसं रोज बघितलीत, त्यामुळे तुमचा ६.३० चा हिशोब कुठून आला ते मला बरोबर कळतंय. पासबुकात ३५,००० च्या जागी ३१,५०० दिसले की कुणीही तोच हिशोब करेल. पण तो तुमच्यासाठी चुकलाय आणि बाबांसाठीही चुकलाय, आणि गंमत नाही सांगत, दोघांसाठी उलट्या दिशेने चुकलाय.

आधी हे बघा की बँकेला तुमच्याबद्दल माहीत काय असतं. पॅन नंबर, जन्मतारीख आणि त्या बँकेत वर्षभरात तुम्हाला किती व्याज मिळणार, बस एवढंच. तुमचा पगार १८ लाख आहे की १ लाख, हे बँकेच्या सिस्टीमला कळत नाही. म्हणून कायद्याने तिला एक सरसकट आकडा दिलाय, पॅन असेल तर व्याजावर १० टक्के, पॅन नसेल तर २०. आणि २०२५-२६ साठी मर्यादा अशी की वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं तर कापायचा, सीनियर असेल तर १ लाखाच्या वर. मर्यादा ओलांडली की पूर्ण व्याजावर कापतात, फक्त वरच्या रकमेवर नाही. तुमचं वर्षाचं व्याज १,४०,००० आणि बाबांचं १,५०,०००, दोघंही मर्यादेच्या पलीकडे, म्हणून पहिल्याच तिमाहीपासून दोघांचा १० टक्के गेला. (हे १० टक्के व्याजाचे असतात हां, मुद्दलाला कोणी हात लावत नाही. आमच्याकडे एक आजोबा २० लाखाचे १० टक्के म्हणजे २ लाख गेले समजून रात्रभर झोपले नव्हते, सकाळी बँक उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसले होते.)

म्हणजे टीडीएस हा तुमचा टॅक्स नाही, तो तुमच्या नावाने सरकारकडे आधीच जमा केलेला हप्ता आहे. खरा टॅक्स किती हे वर्ष संपल्यावर तुमचं सगळं उत्पन्न एकत्र धरून ठरतं, त्यातून हा हप्ता वजा होतो, कमी पडला तर तुम्ही भरायचा, जास्त झाला तर सरकार परत देतं. त्यामुळे एफडीचा खरा दर काढताना टीडीएसचे १० टक्के धरायचेच नाहीत. धरायचा तो तुमच्या शेवटच्या रुपयावर लागणारा टॅक्स, म्हणजे व्याज पगाराच्या वर जाऊन बसतं तेव्हा ते ज्या स्लॅबमध्ये पडतं तो.

आता तुमचंच बघू. पगार १८ लाख, त्यावर व्याज १.४० लाख, बेरीज १९.४० लाख. नवीन रिजिममध्ये १६ ते २० लाखाचा स्लॅब २० टक्क्यांचा आहे, म्हणजे तुमचं सगळंच्या सगळं व्याज त्या स्लॅबमध्ये पडतं. २० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे २०.८ टक्के. १,४०,००० चे २०.८ टक्के होतात २९,१२०. बँक वर्षभरात कापणार किती, तर १४,०००. उरलेले १५,१२० तुमच्याकडून अजून जायचे आहेत, ते पासबुकात कुठेच दिसत नाहीत म्हणून ते नाहीतच असं वाटतं. हातात खरे पडणार १,१०,८८०, आणि २० लाखावर ते होतात ५.५४ टक्के. तुमचा दर ६.३० नाही, ५.५४ आहे.

बाबांचं उलट आहे. पेन्शन वर्षाला ४,८०,०००, त्यातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की ४,०५,०००, त्यात व्याज १,५०,००० टाका, ५,५५,००० झाले. नवीन रिजिममध्ये पहिल्या ४ लाखावर काही नाही, पुढच्या १,५५,००० वर ५ टक्के म्हणजे ७,७५०, पण उत्पन्न १२ लाखाच्या आत असलं की रिबेट मिळून तोही शून्य होतो. बाबांचा टॅक्स शून्य. मग बँकेने कापलेला प्रत्येक रुपया त्यांना परत मिळायचा आहे आणि त्यांचा खरा दर ६.७५ नाही, पूर्ण ७.५० आहे.

फक्त एक गोष्ट, परत मिळायला वेळ लागतो. तो वेळ किती महाग पडतो हे मी मुद्दाम मोजून बघितलं, कारण टीडीएसबद्दल लोकांना जो राग असतो तो बहुतेक याच भीतीचा असतो. बाबांचे जून, सप्टेंबर आणि डिसेंबरअखेर प्रत्येकी ३,७५० गेले, एकूण ११,२५०. समजा त्यांनी जुलैत रिटर्न भरलं आणि ऑगस्टअखेर रिफंड आला, तर पहिला हप्ता १४ महिने, दुसरा ११ आणि तिसरा ८ महिने अडकला. ७.५० टक्क्याने त्याचं व्याज बुडालं साधारण ७७५ रुपये. आणि रिटर्न वेळेत भरलं असेल तर सरकार रिफंडवर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज देतं, म्हणजे ५ महिन्यांचे २८० च्या आसपास परत येतात. नुकसान उरलं ५०० रुपये. २० लाखाच्या एफडीवर वर्षाला ५०० रुपये. या ५०० रुपयांसाठी बाबा पैसे दुसरीकडे हलवायला निघालेत, हे त्यांना मांडी घालून बसून समजवा, रागावू नका त्यांच्यावर, पासबुकात कापलेलं दिसतं आणि परत येणारं दिसत नाही तर माणसाला असंच वाटणार.

आता पतसंस्थेचं. "टीडीएस कापत नाही" हे त्यांचं म्हणणं खोटं असेलच असं नाही. सहकारी संस्था आपल्या सभासदाला व्याज देते तेव्हा, ती सहकारी बँक नसेल आणि उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर तिला कापायची गरज नाही, मोठ्या संस्थांना मात्र कापावा लागतो. पण कापत नाही याचा अर्थ व्याज करमुक्त झालं असा अजिबात होत नाही. बँकेत १४,००० कापले गेले आणि १५,१२० तुम्ही भरले, पतसंस्थेत शून्य कापले गेले आणि २९,१२० तुम्ही भरले, बेरीज तीच. तुमचा दर तिथेही ५.५४ च राहतो. बाबांचा तर बँकेत ७.५० आहे आणि तिथे ७, म्हणजे वर्षाला सरळ १०,००० चं नुकसान, आणि ते कशाचं वाचवायला तर त्या ५०० चं. फायदा तिथे त्याच माणसाला वाटतो जो ते व्याज रिटर्नमध्ये दाखवणारच नाही, आणि तो माझ्या मते यील्ड नाही, ती चोरी आहे, आणि नोटीस आली की व्याजासकट परत भरावी लागते.

आणि ते ८.३०. हा आकडा मला खरंच त्रास देतो, कारण तो गणितात चूक नसतो, फक्त वेगळ्या गोष्टीचा असतो. ७ टक्के दर, दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवलं, तर १ लाखाचे ५ वर्षांत १,४१,४७८ होतात. इथपर्यंत ठीक. मग पत्रक काढणारा ४१,४७८ ला ५ ने भागतो, ८,२९६ येतात, आणि लिहितो यील्ड ८.३०. पण दुसऱ्या वर्षापासून त्या व्याजावर व्याज मिळतंय, मुद्दल वाढत चाललंय, तरी भागाकार पहिल्या दिवसाच्या १ लाखानेच केलाय. हाच ७ टक्के दर १० वर्षांसाठी असाच भागून बघा, पैसे दुप्पट होतात आणि यील्ड निघतो १०.०२. दर तोच आहे, फक्त मुदत लांबवली की आकडा फुगतो, यावरूनच कळतं की तो वर्षाचा परतावा नाही. वर्षाचा खरा परतावा काढायचा तर एका वर्षात १ लाखाचे किती झाले ते बघायचं, तिमाही चक्रवाढीने १,०७,१८६ होतात, म्हणजे ७.१९. तुमची आत्ताची एफडी पण तितकीच आहे, तुम्ही फक्त व्याज बाहेर काढून घेताय, ते तिथेच ठेवलं असतं तर तुमच्याही पावतीवर ५ वर्षांनंतरचा आकडा तोच आला असता. आणि त्या ७.१९ मधून तुमचा २०.८ टक्के टॅक्स काढला की उरतात ५.६९. पत्रकावरचे ८.३० आणि तुमच्या हातातले ५.६९, मध्ये एवढं अंतर आहे.

जाता जाता हेही सांगते, कारण बरेच जण व्याज मुद्दलात मिळणारी एफडी करतात. त्यात पैसे हातात येत नसले तरी बँक दर वर्षी टीडीएस कापते, आणि तो त्या व्याजातूनच जातो, त्यामुळे पुढे चक्रवाढ कमी रकमेवर होते आणि शेवटी पावतीवर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी मिळतात. दर वर्षी लोक भांडायला यायचे, पावती दाखवून. पावतीवरचा आकडा टीडीएस धरून छापलेला नसतो एवढंच कारण, आणि फरक तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची नोंद असते त्या इन्कम टॅक्सच्या कागदात, सापडतो.

पतसंस्थेबद्दल पैशापेक्षा मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. बँकेत, सहकारी बँक असली तरी, माणशी ५ लाखापर्यंत ठेवीला डीआयसीजीसीचा विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो, एक रुपयाचा नसतो. विम्याचा विचार केला तर खरं म्हणजे एकाच बँकेत २० लाख ठेवणं पण थोडं विचाराने करावं, बँक कोणती आहे त्यावर अवलंबून. पण बाबांचं वय ७१, ते पैसे म्हणजे त्यांचं शेत, आणि दर तेवढाच किंवा कमी मिळत असताना विमाच नसलेल्या जागी दोघांचे मिळून ४० लाख नेणं, याला मला कारण शोधूनही सापडत नाही. मी पतसंस्थांच्या विरोधात नाही, चांगल्या चालवलेल्या माहीत आहेत मला, पण तिथे ठेवायचं तर जास्त दर मिळतो म्हणून, थोडी रक्कम आणि डोळे उघडे ठेवून, टीडीएस वाचतो म्हणून नाही.

शिवाय मोडायला पैसे पडतात. एफडी मुदतीआधी मोडली की बँक जेवढे दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून दंड वजा करते. तुमच्या बँकेचा दंड किती ते विचारून घ्या, पण समजा त्या मुदतीचा सीनियरचा दर ६.५० होता आणि दंड १ टक्का, तर बाबांना ७.५० च्या जागी ५.५०. नऊ महिन्यांत त्यांच्या नावावर १,१२,५०० व्याज लागून गेलंय, ५.५० ने ते व्हायला हवं होतं ८२,५००, मग वरचे ३०,००० बँक मुद्दलातून काढून घेते. ५०० चं दुःख आणि ३०,००० चा खर्च.

मग करायचं काय. बाबांसाठी पहिलं काम या आठवड्यात, फॉर्म १५एच. साठ पूर्ण झालेल्या आणि वर्षाचा टॅक्स शून्य येणाऱ्या माणसासाठी तो आहे, रिबेट मिळून शून्य येत असला तरी चालतो. ब्रँचमध्ये कागद भरून देता येतो, बऱ्याच बँकांत नेटबँकिंगमधूनही भरता येतो. आत्ता दिला तर ३१ मार्चचे ३,७५० कापले जाणार नाहीत. पण आधीचे ११,२५० बँकेकडे मागायला जाऊ नका, ते सरकारकडे जमा झालेत, बँक परत देऊ शकत नाही, काउंटरवरच्या मुलीशी भांडून उपयोग नाही. त्यासाठी रिटर्नच भरावं लागतं. "पेन्शनवाल्याला काय रिटर्न" असं बाबा म्हणतील, पण त्यांचं उत्पन्न ४ लाखाच्या वर आहे म्हणजे तसंही भरायचंच आहे, आणि भरलं नाही तर रिफंड आपोआप येत नाही. माझ्या मावशीचे असेच तीन वर्षांचे टीडीएस २६एएस मध्ये पडून होते, तिला वाटायचं पैसे बँकेने खाल्ले. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत चालतं, त्यानंतर रिफंड मागायचा तर अर्ज, विनंती, वाट बघणं सुरू होतं. आणि १५एच एकदा दिला की कायमचा असं नसतं, दर आर्थिक वर्षी नवीन द्यावा लागतो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन त्या वर्षीचा फॉर्म मागा, जूनपर्यंत थांबलात तर पहिला हप्ता गेलाच समजा.

तुम्ही स्वतः मात्र असा फॉर्म भरू नका, तुमच्या वयाला १५जी असतो आणि तुमचा टॅक्स शून्य नाही, खोटं लिहून दिल्यासारखं होईल. तुमचं काम वेगळं आहे आणि त्याला तारीख आहे. टीडीएस जाऊन वर्षाला १० हजारांच्या वर टॅक्स उरत असेल तर तो रिटर्नपर्यंत थांबवता येत नाही, ॲडव्हान्स टॅक्स म्हणून वर्षभरात हप्त्याने भरायचा असतो, शेवटचा हप्ता १५ मार्चचा. तुमचे १५,१२० उरतात. जुलैत रिटर्नबरोबर भरले तर महिना १ टक्क्याने दोन कलमांत मिळून साडेतेराशेच्या आसपास व्याज लागेल, १५ मार्चच्या आत भरले तर सहाशेवर भागतं. यापेक्षाही सोपं म्हणजे ऑफिसच्या अकाउंट्सला मेल टाका की माझं एफडीचं व्याज १,४०,००० आहे, ते इतर उत्पन्नात धरा आणि उरलेल्या महिन्यांच्या पगारातून टॅक्स कापा. पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा कापला असं धरतात, त्यामुळे आधीच्या हप्त्यांचं व्याजही सुटतं. पुढच्या वर्षी हे एप्रिलमध्येच सांगून टाका म्हणजे मार्चचा पगार एकदम रोडावणार नाही.

आता थोडं नाजूक बोलते. तुमचे २० लाखही बाबांच्या नावावर असते तर त्यावर दीड लाख व्याज मिळालं असतं आणि बाबांचं उत्पन्न ७,०५,००० होऊनही टॅक्स शून्यच राहिला असता. आत्ता तुमच्या हातात १,१०,८८० पडतात, म्हणजे वर्षाला ३९ हजारांचा फरक. आईवडिलांना दिलेल्या बक्षिसावर त्यांना टॅक्स लागत नाही, आणि नवरा, बायको, सून, अज्ञान मूल यांना दिलेल्या पैशाचं व्याज जसं देणाऱ्याच्या डोक्यावर येतं तसं आईवडिलांच्या बाबतीत येत नाही. हे पूर्ण कायदेशीर आहे, चेकने द्यायचं, साध्या कागदावर बक्षीस म्हणून लिहून ठेवायचं. पण दिलं म्हणजे खरंच दिलं. उद्या ते पैसे बाबांचे, त्यांच्या मृत्युपत्रात, नसेल तर वारसात जाणारे, आणि पुण्याच्या भावाचा त्यात हक्क येतो. वाटणी नुकतीच झालीय, सगळ्यांचं सगळं ठीक चाललंय, त्यात ३९ हजारांसाठी उद्याचा एक प्रश्न उभा करायचा का, हे तुम्ही तिघांनी बसून ठरवायचं. मला विचाराल तर भावाला न सांगता करू नका, एवढंच म्हणेन. आणि "नावापुरतं बाबांच्या नावावर, व्याज माझ्या खात्यात" असंही करू नका, त्याला बक्षीस म्हणत नाहीत.

तुमच्यासारखं पत्र आणखी कोणाच्या डोक्यात असेल तर त्यांना एक जागा दाखवून ठेवते जिथे सगळ्यात जास्त फटका बसतो, आणि तिथे टीडीएसचे १० टक्के बघून कुणालाच शंका येत नाही. समजा एखाद्याचा पगार सगळं वजा जाऊन ११.५० लाख आहे. रिबेटमुळे त्याचा टॅक्स शून्य. आता त्याला पण २० लाखाच्या एफडीचे १.४० लाख व्याज आले, उत्पन्न १२.९० लाख झालं, रिबेट गेला. टॅक्स बसतो ७३,५००, सेस धरून ७६,४४०. म्हणजे १.४० लाखाच्या व्याजाने ७६,४४० चा टॅक्स आणला, हातात राहिले ६३,५६०, आणि ७ टक्क्याच्या एफडीचा खरा दर झाला ३.१८. बँकेने त्याचे १४,००० कापलेत, तो आनंदात आहे की टॅक्स भरून झाला, आणि जुलैत रिटर्न भरताना ६२ हजार भरायला सांगतात. असा १२ लाखाच्या काठावरचा पगार असेल तर एफडी करतानाच व्याज मिळवून बेरीज कुठे जाते ते बघा, आणि त्या वर्षी काठ ओलांडत असेल तर ते पैसे टॅक्स शून्य असलेल्या घरातल्या माणसाकडे असणं किंवा मुदत आणि रक्कम कमी ठेवणं, याचा विचार एफडी करायच्या आधी करायचा असतो, नंतर नाही.

स्वतःचा खरा दर काढायला कागद एकच पुरतो. वर्षाचं उत्पन्न व्याजाशिवाय लिहा, त्यावरचा टॅक्स काढा, मग व्याज धरून लिहा, पुन्हा टॅक्स काढा, दोघांतला फरक व्याजातून वजा करा आणि राहिलेल्याला मुद्दलाने भागा. टीडीएसचा आकडा या कागदावर येतच नाही, तो फक्त शेवटी किती भरायचे किंवा परत घ्यायचे ते बघायला लागतो. आणि दोन ठिकाणच्या एफडी ताडताना दोन्हीचा वर्षाचा चक्रवाढ दर विचारा, पत्रकावरचा यील्ड नाही. काउंटरवरच्या माणसाला "१ लाखाचे एका वर्षात किती होतात" असं विचारलं की तो बरोबर आकडा सांगतो, घोळ होत नाही.

बाबांना बँकेत घेऊन जाल तेव्हा सकाळी जा, ऊन चढायच्या आत, पॅनची झेरॉक्स आणि एफडीची पावती बरोबर ठेवा, आणि १५एच दिल्याची पोच शिक्का मारून घ्या. ३१ मार्चला पासबुक भरून आणलं की त्यांच्या व्याजाच्या ओळीत पूर्ण ३७,५०० दिसायला हवेत, दिसले नाहीत तर ती पोच घेऊन दुसऱ्याच दिवशी ब्रँचमध्ये जा, बँकेने टीडीएस सरकारकडे भरायच्या आधी गाठलं तर चूक तिथल्या तिथे दुरुस्त होऊ शकते.